राज्यस्तरीय स्पर्धेसाठी रजा मागताना: निवडपत्र हाती पडल्यापासून पुन्हा रुजू होईपर्यंत

जिल्हा संघात निवड झाल्याचे पत्र हाती आले की बहुतेक खेळाडू त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवतात आणि खाली एका ओळीत रजा मागतात. ही विनंती अनेकदा अडते, पण त्यामागे साहेबांचा खेळाला विरोध असतोच असे नाही. निवडपत्र फक्त स्पर्धेविषयी बोलते, तर रजा मंजूर करणाऱ्याला कामाविषयी निर्णय घ्यायचा असतो. स्पर्धा ४ दिवसांची आणि रजा ६ दिवसांची, हा फरक पत्रात कुठेच लिहिलेला नसतो. तो अर्जात लिहावा लागतो. मी काही वर्षे जिल्हा संघातून खेळलो आणि नंतर काही वर्षे एका विभागाचा प्रमुख म्हणून असे अर्ज माझ्यासमोर येत राहिले, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे.

लेखभर एकच उदाहरण घेतो. महाराष्ट्रातल्या एका खासगी कंपनीच्या माल पाठवणी विभागात काम करणारी एक कबड्डीपटू आहे. कार्यालयाची वेळ सकाळी ९.३० ते सायंकाळी ६, शनिवारी काम आणि रविवारी साप्ताहिक सुटी. रविवार, २५ जानेवारीला जिल्हा निवड चाचणी झाली आणि तिची संघात निवड झाली. राज्य अजिंक्यपद स्पर्धा गुरुवार, १२ फेब्रुवारी ते रविवार, १५ फेब्रुवारी अशी आहे. त्याआधी ४ ते १० फेब्रुवारी जिल्हा संघाचे सराव शिबिर आहे. निवडपत्र २९ जानेवारीचे असून ते तिला ३० जानेवारीला, शुक्रवारी मिळाले.

पत्र येण्याआधी

संघटनेचे पत्र नेहमी उशिरा येते, हे गृहीत धरूनच चालावे. चाचणीनंतर अंतिम यादी ठरते, कार्यवाहांची सही होते, शिक्का लागतो, आणि त्यात ४ ते ५ दिवस सहज जातात. स्पर्धा मात्र तोवर जवळ येत राहते. म्हणून पत्राची वाट पाहत गप्प बसणे ही पहिली चूक ठरते. आपल्या खेळाडूने चाचणीच्या आधीच्या आठवड्यात वरिष्ठांना एवढेच सांगून ठेवावे की, २५ तारखेला जिल्हा निवड चाचणी आहे आणि निवड झाली तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साधारण पाच-सहा दिवस रजा लागेल. त्या वेळी होकार मागू नये, कारण अजून मागण्यासारखे काही हातात नसते. त्या आठवड्यात दुसऱ्या कोणाची रजा किंवा मोठी पाठवणी ठरत असेल, तर ती ठरण्याआधी आपली शक्यता वरिष्ठांच्या कानावर गेलेली असावी, एवढाच हेतू.

निवड जाहीर झाल्यावर, २६ जानेवारीची सुटी सोडून, २७ तारखेला सकाळी तिने प्रत्यक्ष भेटून निवड झाल्याचे सांगावे आणि पत्र या आठवड्यात मिळेल असे कळवावे. त्याच दिवशी संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल पाठवून हे बोलणे लेखी करून ठेवावे. पुढे कधी ‘मला कोणी आधी सांगितलेच नाही’ असा प्रश्न आला, तर हा दोन ओळींचा ईमेल मोठ्या अर्जापेक्षा जास्त कामाला येतो.

निवडपत्र जोडण्याआधी वाचून पाहा

पत्र मिळाले की ते तसेच पुढे पाठवू नये. वरिष्ठ किंवा एचआर विभाग ते ज्या नजरेने पाहील, त्या नजरेने आधी स्वतः वाचावे. पत्र संघटनेच्या नावाच्या छापील कागदावर आहे का, त्यावर जावक क्रमांक आणि तारीख आहे का, स्पर्धेचे पूर्ण नाव, ठिकाण आणि तारखा आहेत का, आणि खाली सही करणाऱ्याचे नाव, पद व शिक्का आहे का, हे पाहावे. यातले सही-शिक्का आणि तारखा नसतील तर ते पत्र निवडीचा पुरावा म्हणून फारसे उपयोगी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी टंकलिखित यादी म्हणजे निवडपत्र नव्हे, मग ती कितीही खरी असो. रजा मंजूर करणाऱ्याला ती कोणी तयार केली हे कळायला मार्ग नसतो.

त्यानंतर नाव पाहावे. कार्यालयीन नोंदीतले नाव आणि निवडपत्रातले नाव वेगळे असणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या महिला खेळाडूंची संघटनेतली नोंदणी माहेरच्या आडनावाने असते आणि कार्यालयात सासरचे आडनाव असते. अशा वेळी पत्र बदलून घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा अर्जात एक वाक्य घालावे की निवडपत्रातील अमुक नाव हे माझेच विवाहापूर्वीचे नाव आहे, आणि दोन्ही नावांचा संबंध दाखवणाऱ्या एका कागदाची प्रत जोडावी. टोपणनाव किंवा वडिलांचे नाव गाळलेले असेल, तर मात्र कार्यवाहांकडून दुरुस्त प्रत घेणे सोपे असते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी तारखांची. आपल्या उदाहरणातल्या पत्रात ‘दि. १२ ते १५ फेब्रुवारी या कालावधीत होणाऱ्या स्पर्धेसाठी आपली निवड झाली आहे’ एवढेच आहे. खेळाडूला मात्र ११ तारखेला सकाळी निघायचे आहे, कारण त्याच दिवशी सायंकाळी ५ वाजेपर्यंत स्पर्धेच्या ठिकाणी नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी आणि वजन होणार आहे, आणि रस्त्याने जायला आठ तास लागतात. परतीचा प्रवास १५ तारखेच्या रात्री सुरू होऊन १६ च्या पहाटे संपेल. म्हणजे पत्र ४ दिवसांचे समर्थन करते आणि तिची गरज ११ ते १६ अशी ६ दिवसांची आहे. उरलेल्या दोन दिवसांचा आधार दुसऱ्या कागदात असतो. राज्य संघटना जिल्हा संघटनांना स्पर्धेचे परिपत्रक पाठवते आणि त्यात उपस्थितीची तारीख, वेळ आणि बहुधा स्पर्धेचे स्वरूप दिलेले असते. कार्यवाहांकडून त्याची प्रत मागून घ्यावी आणि निवडपत्रासोबत जोडावी. निवडपत्र आणि परिपत्रक अशी जोडी असली की नोंदणीचा दिवस खेळाडूच्या तोंडी सांगण्यावर अवलंबून राहत नाही.

कार्यवाह तयार असतील तर कार्यालयाला उद्देशून एक वेगळे पत्रही मिळू शकते, ज्यात ‘आपल्या आस्थापनेतील अमुक कर्मचाऱ्यास ११ ते १६ फेब्रुवारी या काळात स्पर्धेत सहभागी होण्यास अनुमती द्यावी’ अशी विनंती असते. हे पत्र मिळाले तर दोन कागदांचे काम एका कागदात होते. मात्र त्यासाठी चार दिवस अर्ज थांबवू नये. पत्र नंतर आले तर ते नंतर जोडता येते.

निवडपत्रात अनेकदा सगळ्या संघाची यादी असते आणि तिच्यात इतर खेळाडूंच्या जन्मतारखा, भ्रमणध्वनी क्रमांक, कधीकधी आधार क्रमांकही असतात. ती माहिती आपल्या कार्यालयाच्या फाइलमध्ये जाण्याचे काही कारण नाही. झेरॉक्स काढताना त्या रकान्यांवर कागद ठेवावा, आपली ओळ मात्र स्पष्ट दिसू द्यावी, आणि अर्जात ‘इतर खेळाडूंची वैयक्तिक माहिती झाकली आहे, मूळ प्रत पाहण्यास उपलब्ध आहे’ असे लिहावे. झाकणे एवढेच करायचे. पत्रातली तारीख सोयीसाठी बदलणे, सही दुसऱ्या पत्रावरून आणून लावणे, ‘तात्पुरती निवड’ मधला पहिला शब्द पुसणे, असले काहीही करू नये. कार्यवाहांना एक फोन केला की ते उघड होते, आणि मग रजेचा प्रश्न बाजूला राहून बनावट कागद सादर केल्याची चौकशी सुरू होते.

कोणती रजा मागायची

यात गैरसमज बराच आहे. ‘राज्यस्तरावर खेळतोय म्हणजे विशेष रजा मिळतेच’ असे मैदानावर सर्रास ऐकू येते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांसाठी वर्षाला ३० दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते, पण त्या वाक्यातले ‘राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय’ हे शब्द नीट वाचले पाहिजेत. राज्य अजिंक्यपद स्पर्धा त्यात आपोआप बसत नाही. सरकारी किंवा निमसरकारी सेवेत असाल तर आस्थापना शाखेत जाऊन आपल्या विभागाच्या परिपत्रकात राज्यस्तराचा उल्लेख आहे का, ते पाहावे आणि असल्यास अर्जात त्या परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक लिहावा. खेळाडू आरक्षणातून नोकरीला लागलेल्यांसाठी किंवा कंपनीच्या संघातून खेळणाऱ्यांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी पद्धत असते आणि त्यांनी क्रीडा अधिकाऱ्यामार्फतच जावे.

खासगी कंपनीतल्या आपल्या खेळाडूचे तसे नाही. महाराष्ट्रातला २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम किमान ठरावीक संख्येइतके कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. त्यात वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे आणि ती तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होते. वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक दिवस अशी भरपगारी रजा आहे. खेळासाठी वेगळी रजा मात्र त्यात नाही. कंपनीच्या धोरणात ‘विशेष रजा’ असेल तर ती मालकाची सवलत समजावी. ती जरूर मागावी, पण अर्ज तिच्यावरच टांगून ठेवू नये.

आता हिशेब करू. फेब्रुवारीत तिच्या खात्यात पहिल्या तिमाहीच्या २ नैमित्तिक रजा आणि ७ भरपगारी रजा आहेत. गैरहजेरीचे कामाचे दिवस ११, १२, १३, १४ आणि १६ असे पाच होतात, कारण १५ तारखेला रविवार आहे. पण अनेक कंपन्यांत दोन रजांच्या मध्ये आलेली साप्ताहिक सुटीही रजेत धरतात. कामगार याला ‘सँडविच’ म्हणतात. तो नियम तिच्या कंपनीत असेल तर पाचाच्या जागी सहा रजा वजा होतील. शिवाय नैमित्तिक रजा सलग तीनपेक्षा जास्त मिळत नाही किंवा ती भरपगारी रजेला जोडता येत नाही, असेही नियम बऱ्याच ठिकाणी असतात. हे दोन्ही नियम आधी एचआरला विचारून घ्यावेत. पगार कापल्यावर ते शोधण्यात अर्थ नसतो. आपल्या उदाहरणात सरळ मार्ग असा की सगळे सहा दिवस भरपगारी रजेत दाखवावेत, एक भरपगारी रजा शिल्लक राहते आणि दोन नैमित्तिक रजा हातात राहतात. १६ तारखेची रजा वाचवण्याचा मोह होतो, पण रात्रभर बसमध्ये बसून पहाटे पाचला उतरलेला माणूस साडेनऊला गोदामात मोजणी करताना काय मोजेल, हे कोणत्याही विभागप्रमुखाला ठाऊक असते. तो दिवस आधीच मागावा.

आजारपणाची रजा टाकून खेळायला जाऊ नये. हे मी नैतिकतेसाठी सांगत नाही. राज्य स्पर्धेचे निकाल स्थानिक वर्तमानपत्रात येतात, संघाचे फोटो त्याच रात्री सगळीकडे फिरतात, आणि वैद्यकीय प्रमाणपत्राच्या तारखांवर तुमचा खेळतानाचा फोटो असणे हे निवडपत्र न जोडण्यापेक्षा कितीतरी वाईट.

शिबिराचा प्रश्न वेगळा ठेवा

पुष्कळ अर्ज इथे फसतात. ४ ते १६ फेब्रुवारी अशी सलग १३ दिवसांची रजा मागितली की वरिष्ठ आधी आकडा पाहतात आणि बाकीचे वाचतच नाहीत. शिबिर जर रोज सकाळी ६ ते ८ आणि सायंकाळी ५ ते ७ असे असेल, तर त्यासाठी रजा लागत नाही, वेळेत सवलत लागते. तिला सायंकाळच्या सत्रासाठी ४.३० ला निघावे लागेल, म्हणजे दररोज दीड तास. शिबिराच्या काळात कामाचे दिवस ४, ५, ६, ७, ९ आणि १० असे सहा आहेत, म्हणजे एकूण नऊ तास. सकाळचे सत्र आठला संपते, त्यामुळे ती ९.३० ऐवजी ८.३० ला येऊ शकते आणि जेवणाची सुटी अर्धा तास कमी घेऊ शकते, त्यातून रोजचा दीड तास भरून निघतो. अशी मागणी वरिष्ठांना नाकारणे अवघड जाते, कारण तिच्यात त्यांचे काही बुडत नाही. हे मात्र आधी जमेल की नाही ते स्वतःशी तपासावे. सकाळी दोन तास मैदानावर घालवून सहा दिवस ही वेळ पाळता येणार नसेल, तर दोन नैमित्तिक रजा शिबिराच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी वापरणे जास्त प्रामाणिक ठरते. मात्र १० तारखेची नैमित्तिक रजा ११ पासूनच्या भरपगारी रजेला चिकटते, तेव्हा जोडण्याचा नियम पुन्हा विचारून घ्यावा लागेल.

शिबिर निवासी असेल तर मामला बदलतो आणि तेव्हा पूर्ण काळाची रजा मागण्यावाचून गत्यंतर नसते. तशा वेळी शिबिराला उपस्थिती सक्तीची आहे असे संघटनेकडून लेखी घ्यावे.

कामाची सोय आणि लवकर परतण्याचा प्रश्न

अर्ज लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या असाव्यात. पहिली, आपल्या गैरहजेरीत काम कोण पाहणार. तिचे काम रोजची चलने तयार करणे आणि वाहतूकदारांशी समन्वय ठेवणे हे आहे. ज्या सहकाऱ्याने हे पाहायचे, त्याच्याशी आधी बोलून त्याचा होकार घ्यावा. त्याला न विचारता अर्जात त्याचे नाव टाकले की विरोध बाहेरून न येता शेजारच्या टेबलावरून येतो. काम हस्तांतर करण्याची वेळही ठरवावी. १० तारखेला ती ४.३० ला निघणार असल्याने शेवटच्या संध्याकाळी घाईत सोपवण्यापेक्षा ९ तारीख आणि १० ची दुपार त्यासाठी धरावी. प्रलंबित चलनांची यादी, वाहतूकदारांचे क्रमांक आणि कोणते काम १६ पर्यंत थांबू शकते हे एका पानावर लिहून द्यावे. १५ तारखेपर्यंत तिचा फोन मैदानाबाहेर, पिशवीत पडलेला असेल, हे त्या सहकाऱ्याला आधीच माहीत असलेले बरे.

दुसरी गोष्ट, संघ लवकर बाद झाला तर काय. कबड्डीच्या राज्य स्पर्धेत साखळी सामने आणि मग बाद फेरी असा क्रम असतो. संघ साखळीतच अडकला तर १३ च्या रात्री किंवा १४ ला परतीची वाट धरता येते, आणि अंतिम फेरी गाठली तर १५ च्या संध्याकाळपर्यंत थांबावे लागते. रजा नेहमी लांबच्या शक्यतेप्रमाणे मागावी आणि लवकर परतल्यास न वापरलेली रजा परत करण्याची तयारी लिहावी. उलट केले, म्हणजे १३ पर्यंतची रजा घेतली आणि उपांत्य फेरी जिंकल्यावर मैदानावरून फोन करून वाढवून मागितली, तर वरिष्ठांपुढे नाही म्हणायचीही सोय उरत नाही, आणि ते त्यांच्या लक्षात राहते. मात्र ‘हरलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होईन’ असे वचन देऊ नये. संघ एकत्र प्रवास करतो आणि बस कधी निघेल ते व्यवस्थापक ठरवतो. ‘परत आल्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी’ असे शब्द वापरावेत.

अर्जाचा मजकूर

आता अर्ज. तो एका पानात मावावा, कारण जोडलेली कागदपत्रे बोलणारच आहेत. आपल्या उदाहरणासाठी तो असा होईल:

> प्रति,
> मा. विभागप्रमुख, माल पाठवणी विभाग
> (प्रत: मा. व्यवस्थापक, एचआर विभाग)
>
> दिनांक: ३० जानेवारी
>
> विषय: राज्य अजिंक्यपद कबड्डी स्पर्धेसाठी दि. ११ ते १६ फेब्रुवारी या कालावधीत रजा मंजूर करण्याबाबत.
>
> संदर्भ: १) जिल्हा संघटनेचे निवडपत्र, जा. क्र. ____, दि. २९ जानेवारी. २) राज्य संघटनेचे स्पर्धा परिपत्रक.
>
> महोदय,
>
> दि. २७ जानेवारी रोजी आपल्याशी झालेल्या बोलण्यास अनुसरून कळवते की, माझी जिल्हा महिला कबड्डी संघात निवड झाली असून राज्य अजिंक्यपद स्पर्धा दि. १२ ते १५ फेब्रुवारी या काळात होणार आहे. संदर्भ क्र. २ नुसार खेळाडूंनी दि. ११ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत नोंदणीसाठी स्पर्धास्थळी उपस्थित राहणे आवश्यक आहे. परतीचा प्रवास दि. १५ च्या रात्री सुरू होऊन दि. १६ रोजी पहाटे संपेल.
>
> त्यामुळे दि. ११ ते १६ फेब्रुवारी या कालावधीसाठी आपल्या धोरणानुसार विशेष रजा, आणि ती अनुज्ञेय नसल्यास माझ्या खात्यातील भरपगारी रजा मंजूर करावी, ही विनंती. मी दि. १७ फेब्रुवारी रोजी कामावर रुजू होईन. संघ आधी परतल्यास तसे त्याच दिवशी कळवून, परत आल्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी रुजू होईन.
>
> तसेच दि. ४ ते १० फेब्रुवारी या काळात सायंकाळी सराव शिबिर असल्याने या सहा कामाच्या दिवशी सकाळी ८.३० ते सायंकाळी ४.३० अशी वेळ आणि जेवणाची सुटी अर्धा तास कमी ठेवण्यास अनुमती द्यावी.
>
> माझ्या अनुपस्थितीत दैनंदिन चलने व वाहतूकदारांशी समन्वय श्री. ____ पाहतील. त्यांनी तशी संमती दिली आहे. दि. ९ व १० रोजी काम त्यांच्याकडे सोपवेन.
>
> निवडपत्राच्या प्रतीतील इतर खेळाडूंची वैयक्तिक माहिती झाकलेली आहे. मूळ प्रत पाहण्यास सादर करीन. सहभागाचे प्रमाणपत्र परतल्यावर सादर करीन.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, कर्मचारी क्रमांक)
>
> सोबत: १) निवडपत्राची प्रत २) परिपत्रकाची प्रत

या मजकुरात ‘विशेष रजा, आणि ती अनुज्ञेय नसल्यास भरपगारी रजा’ हे वाक्य सर्वांत उपयोगी आहे. ते नसेल तर विशेष रजा नाकारल्यावर संपूर्ण अर्ज नाकारला जातो, पुन्हा नवा अर्ज करावा लागतो आणि त्यात तीन दिवस जातात. जिल्ह्यासाठी खेळण्याचा अभिमान, लहानपणापासूनची मेहनत, कंपनीचे नाव उज्ज्वल होणे यांवर परिच्छेद लिहिण्याची प्रथा आहे. मला ते वाचून कधीच निर्णय घेता आला नाही. तारखा, रजेचा प्रकार आणि काम कोण पाहणार, या तीन गोष्टी शोधण्यासाठी मी तो परिच्छेद ओलांडून पुढे जात असे.

पाठवणे आणि पाठपुरावा

अर्ज छापून सहीसह थेट वरिष्ठांकडे द्यावा आणि त्याची एक प्रत पोच म्हणून सही-तारखेसह आपल्याकडे ठेवावी. कंपनीत रजेचे पोर्टल असेल तर तिथेही त्याच दिवशी नोंद करावी, आणि निवडपत्र व परिपत्रक एकाच पीडीएफमध्ये, सरळ बाजूला फिरवलेले आणि वाचता येईल असे जोडावे. अंधारात काढलेला, सावली पडलेला फोटो हा रजा रखडण्याच्या क्षुल्लक पण फार नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. पोर्टलवर नोंद झाली म्हणजे रजा मिळाली असे नाही. तिथे ‘प्रलंबित’ असे दिसत असेपर्यंत ती फक्त मागणी असते. ३० जानेवारीला अर्ज दिला तर ३ फेब्रुवारीला, म्हणजे शिबिर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, निर्णय विचारावा. दोनदा विचारले तर चालते, रोज विचारू नये.

पत्र ३० तारखेलाही आले नसते, तर अर्ज तरीही त्या दिवशी द्यायचा होता. तेव्हा ‘सोबत’च्या जागी ‘निवडपत्र दि. ४ फेब्रुवारीपर्यंत सादर करीन’ असे लिहायचे आणि तोपर्यंत राज्य संघटनेचे परिपत्रक जोडायचे. निवडपत्र नंतर जोडता येते, पण अर्जाची तारीख मागे नेता येत नाही.

नकार आल्यास

तोंडी नकार आला तर सौम्यपणे कारण विचारावे आणि शक्य असल्यास ते ईमेलवर मागावे. बहुधा कारण एखाद्या ठरावीक दिवसाचे असते, सगळ्या सहा दिवसांचे नसते. समजा, १६ तारखेला मोठी पाठवणी आहे म्हणून अडचण असेल, तर त्या दिवशी अर्धा दिवस उशिरा येण्याची तयारी दाखवता येते. ११ तारखेबद्दल अडचण असेल तर मात्र तडजोड करण्याआधी संघ व्यवस्थापकाला विचारावे, कारण नोंदणीला आणि वजनाला खेळाडू स्वतः हजर नसेल तर तिला खेळूच दिले जाणार नाही अशी शक्यता असते. शिल्लक रजा कमी पडत असेल तर बिनपगारी रजा हा पर्याय आहे, पण ती मागताना त्याचा पगारावर नेमका किती परिणाम होईल, मधला रविवारही कापला जाईल का, हे एचआरकडून लेखी समजून घ्यावे.

मंजुरीशिवाय निघून जाणे हा पर्याय नाही. ती विनापरवाना गैरहजेरी ठरते, आणि निवडपत्र त्या गैरहजेरीचे समर्थन करू शकत नाही. उलट, खेळाडूला तारखा आधीपासून माहीत होत्या याचाच तो पुरावा ठरतो. शेवटपर्यंत परवानगी मिळालीच नाही तर संघ व्यवस्थापकाला ताबडतोब सांगावे, म्हणजे राखीव खेळाडूला वेळेत बोलावता येते.

परत आल्यावर

१७ तारखेला रुजू होताना सहभागाच्या प्रमाणपत्राची प्रत एचआरला द्यावी आणि रजेच्या नोंदीला जोडायला सांगावे. प्रमाणपत्र समारोपाच्या वेळी मिळाले नसेल, तर स्पर्धास्थळ सोडण्याआधीच संघ व्यवस्थापकाकडून सहभागाचे सहीचे पत्र घ्यावे, कारण प्रमाणपत्रे नंतर पाठवू असे सांगितले जाते आणि ती महिन्यांनी येतात. संघ लवकर परतला असेल, समजा १४ तारखेला, तर सोमवारी १६ ला रुजू होऊन न वापरलेल्या दिवसांची रजा रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी पोर्टलवर टाकावा. पगाराची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर ती खात्यात परत जमा करून घेणे त्रासाचे असते. सामन्यात दुखापत झाली आणि १७ ला येणे शक्य नसेल, तर रजा तोंडी वाढवू नये. त्या दिवशी सकाळीच वैद्यकीय प्रमाणपत्रासह नवा अर्ज द्यावा, आणि तो आजारपणाच्या रजेखाली द्यावा.

आणि राज्य स्पर्धेतून तिची राज्याच्या संभाव्य संघात निवड झाली, तर पुढच्या शिबिराच्या तारखा कळताच हाच क्रम पुन्हा सुरू होतो. फरक इतकाच की तेव्हा निवडपत्र राज्य संघटनेचे असेल, स्पर्धा राष्ट्रीय असेल, आणि भरपगारी रजेच्या खात्यात एकच दिवस शिल्लक असेल.